एका सामन्याला किती युनिट? : मैदान समितीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपंचायत
आणि मैदान व्यवस्थापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय,

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण दोन ठराव संमत केलेत. येत्या हंगामापासून रात्रीच्या प्रत्येक सामन्यामागे घेतला जाणारा प्रकाशझोताचा आकार ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये होणार, हा पहिला ठराव. दुसरा ठराव असा की ‘विजेचा दाब कमी असल्याने प्रकाश अपुरा पडतो’, म्हणून सर्व रात्रीचे सामने जनरेटरवर खेळवायचे आणि तो जनरेटर आयोजकांनी समितीने ठरवलेल्या एकाच पुरवठादाराकडून घ्यायचा. दोन्ही ठरावांच्या इतिवृत्ताची प्रत मी मागून घेऊन वाचली. एका सामन्याला किती युनिट वीज लागते, याचा आकडा तिच्यात कुठेही नाही. ज्या वस्तूची किंमत वाढवली ती वस्तू किती दिली जाते हेच जिथे लिहिलेले नाही, तो ठराव मला गप्प राहून स्वीकारता येत नाही, म्हणून हे पत्र आपल्याला आणि आपल्यामार्फत गावाला लिहीत आहे.

मी परवानाधारक वीजतंत्री आहे. या मैदानावर पहिले दिवे लागले तेव्हा खांबावर चढून त्यांच्या तारा जोडणाऱ्यांपैकी मी एक होतो, आणि पुढे गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत दिव्यांची निगाही राखली. आमच्या वाडीचे मंडळ दर वर्षी शिमगा आटोपला की टेनिस बॉलची आठ षटकांची स्पर्धा भरवते आणि तिचा हिशोब माझ्याकडे असतो. आमच्याकडे खेळणारी निम्मी मुले पहाटे होडीवर जाणारी आणि उरलेली मे महिन्यापुरती मुंबईहून येणारी आहेत. सामन्यामागे दीड हजार रुपये वाढले की ते प्रवेशशुल्कात जातात आणि दोन-तीन वाड्यांचे संघ नाव देत नाहीत. माझा स्वार्थ एवढाच आहे आणि तो मी आधीच सांगून टाकतो.

प्रथम युनिटांचे पाहू. आपल्या मैदानाच्या चार खांबांवर मिळून चौसष्ट एलईडी दिवे आहेत आणि प्रत्येक दिवा ५०० वॅटचा आहे. सगळे मिळून ३२ किलोवॅट होतात. धावफलक, ध्वनिक्षेपक आणि केबलमध्ये वाया जाणारी वीज धरली की मीटरवर ३४ किलोवॅटच्या आसपास भार दिसतो. एक किलोवॅट भार एक तास चालला की एक युनिट होते. आठ-आठ षटकांचा सामना, मधल्या विश्रांतीसह, आपल्याकडे साधारण ऐंशी मिनिटांत संपतो. ३४ किलोवॅट ऐंशी मिनिटे चालले तर पंचेचाळीस युनिट होतात. बैठकीत एका सदस्यांनी ‘मोठ्या स्टेडियममध्ये एका सामन्याला हजारो युनिट जळतात’ असे म्हटल्याचे इतिवृत्तात नोंदले आहे. ते चुकीचे नाही, पण तिथला प्रकाश मुख्यतः दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसाठी असतो आणि सामनाही चार-चार तास चालतो. खेळाडूला चेंडू दिसण्यापुरता प्रकाश त्याच्या मानाने फारच थोडा लागतो. ईएन १२१९३ या युरोपीय मानकात सर्वांत खालच्या वर्गातील क्रिकेटसाठी खेळपट्टीच्या भागात ३०० आणि बाहेरच्या मैदानावर २०० लक्स प्रकाश सांगितला आहे; लक्स हे जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. पंचेचाळीस मीटर त्रिज्येच्या आपल्या मैदानाला ३२ किलोवॅटचे चांगले, स्वच्छ एलईडी दिवे तेवढा प्रकाश देऊ शकतात. ते तो का देत नाहीत, हे पुढे येईल.

आता मीटरविषयी, कारण गावात त्यावरून विनाकारण गैरसमज पसरला आहे आणि त्यात आपल्यावरही अन्याय झाला आहे. मागच्या हंगामात एका संघाच्या कर्णधाराने सामन्याआधी आणि सामन्यानंतर मीटरचा फोटो काढला. दोन्ही आकड्यांत सव्वादोनचा फरक आला. ‘सव्वादोन युनिटांचे साडेतीन हजार घेतात’ असा मजकूर त्या रात्री सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. मुलगा खोटे बोलत नव्हता, त्याला एमएफ म्हणजे मीटरच्या आकड्याचा गुणक माहीत नव्हता. भार मोठा असतो तिथे सगळा प्रवाह मीटरमधून नेत नाहीत. तारेभोवती सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि ती प्रवाहाचा ठरावीक छोटा हिस्साच मीटरला दाखवते. आपल्या मीटरपेटीत १००/५ च्या सीटी आहेत, म्हणजे तारेतून शंभर अँपिअर वाहिले तर मीटरला पाच दिसतात. मीटर त्या पाच अँपिअरवरच मोजत असल्याने त्याच्या आकड्याला वीसने गुणावे लागते. हा वीस म्हणजेच वीजबिलावर ‘एमएफ’ म्हणून छापलेला आकडा. सव्वादोनला वीसने गुणले की पंचेचाळीस येतात, म्हणजे त्या मुलाचा फोटो आणि माझा हिशोब एकच गोष्ट सांगतात. समितीने मीटरखोलीच्या दारावर एमएफचा आकडा रंगवून ठेवला असता तर ही बदनामी झालीच नसती.

एका सामन्याच्या नोंदीवर फार विसंबू नये, हेही सांगितले पाहिजे. मीटरवर दशांशाची दोन घरे दिसतात म्हणून आपली चूक युनिटाच्या अंशापलीकडे जात नाही. पण काही मीटरांवर एकच घर दिसते आणि तिथे शेवटचा आकडा एकने इकडे-तिकडे वाचला तर वीसच्या एमएफने दोन युनिटांची गफलत होते. संपूर्ण रात्रीची नोंद घेऊन सामन्यांच्या संख्येने भागणे हाच धोपट मार्ग आहे. तेच मी केले.

जानेवारीतील एका शनिवारी चार सामने होते. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दिवे लागले तेव्हा मीटरवर ४८१२.३६ हा आकडा होता. रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी दिवे विझले तेव्हा ४८२४.४० होता. फरक १२.०४, वीसने गुणून २४०.८ युनिट. मध्ये वीस मिनिटे वीज गेली होती, त्यामुळे दिवे प्रत्यक्षात सात तास पाच मिनिटे जळले. त्या वेळेला ३४ किलोवॅटने गुणून पाहा, तोच आकडा येतो. आता या सात तास पाच मिनिटांपैकी खेळ किती झाला? चार सामन्यांचे ऐंशी-ऐंशी मिनिटांप्रमाणे पाच तास वीस मिनिटे. उरलेल्या एक तास पंचेचाळीस मिनिटांचा जमाखर्च माझ्या वहीत असा आहे: दोन सामन्यांमधल्या तीन खंडांत मिळून तीस मिनिटे, प्रमुख पाहुण्यांचे आगमन, सत्कार आणि भाषणे यांत पन्नास मिनिटे, आणि शेवटचा सामना संपल्यावर मंडप आवरेपर्यंत पंचवीस मिनिटे. या वेळात साडेएकोणसाठ युनिट जळले. त्या रात्रीच्या विजेचा जवळपास चौथा हिस्सा चेंडू न टाकताच गेला. सामन्याला पंचेचाळीस युनिट लागतात, पण आपल्या मैदानावर सामन्यामागे खर्च होतात साठ.

यात एकट्या समितीचा दोष नाही. शाली आणि श्रीफळे वाटण्यात आम्ही आयोजकही कमी नाही, आणि पाहुण्यांना चौसष्ट दिव्यांखाली उभे राहून बोलायला आवडते हेही खरे. पण दिवे मध्ये न विझवण्याची सवय मुळात जुन्या दिव्यांमुळे लागली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने दोन खांब वाकवले, त्यापूर्वी आपल्याकडे २,००० वॅटचे बत्तीस मेटल हॅलाइड दिवे होते. तो दिवा लावल्यावर पूर्ण तेजाला यायला चार-पाच मिनिटे घेतो आणि एकदा विझला की आतला वायू निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. क्षणभर वीज गेली तरी सामना पाव तास थांबायचा, त्यामुळे ‘दिव्याला हात लावू नका’ हा मैदानाचा नियमच झाला होता. एलईडीला यातले काही लागू नाही. तो बटण दाबताच पूर्ण तेजाने लागतो आणि लगेच विझवून पुन्हा लावला तरी बिघडत नाही. खांबागणिक वेगळी स्विचे पूर्वीपासून आहेत. भाषणांच्या वेळी मंचाजवळचा एक खांब चालू ठेवून बाकीचे तीन बंद केले, तर पन्नास मिनिटांचे अठ्ठावीस युनिट सातवर येतात. यासाठी एक पैसाही खर्च नाही, फक्त स्विचखोलीची किल्ली त्या वेळी हजर असलेल्या माणसाकडे असायला हवी. सध्या ती पानपट्टीवर ठेवून रखवालदार घरी जातो.

जुन्या दिव्यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. बत्तीस हॅलाइड दिव्यांचे ६४ किलोवॅट आणि त्यांच्या चोकमध्ये जाणारी वीज धरून भार ७० किलोवॅटच्या घरात होता. ऐंशी मिनिटांच्या सामन्याला तेव्हा नव्वदच्या वर युनिट लागत. दिवे बदलल्यावर वीज निम्मी झाली, तरी आकार ३,५०० च राहिला. नवे दिवे सार्वजनिक निधीतून आणि लोकवर्गणीतून आले होते. वर्गणी गोळा करताना ‘वीजबिल अर्धे होईल, सामने स्वस्त होतील’ असे समितीनेच दारोदार सांगितले होते. माझ्याही दारात ते सांगितले गेले.

बिल मात्र अर्धे झाले नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ते का झाले नाही, हे समजून घेण्यासाठी मी माहितीच्या अधिकारात मागील बारा महिन्यांची बिले मागवली. या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या बिलांत सापडली.

बिलात दोन मोठ्या रकमा असतात. एक जळलेल्या युनिटांची. ती आपल्या बिलांत सर्व करांसह युनिटमागे सरासरी सोळा रुपये पडली. दुसरी रक्कम मागणी आकाराची, आणि तिचा युनिटांशी संबंध नाही. आपण वीज कंपनीला सांगून ठेवतो की आम्हाला एका वेळी जास्तीत जास्त इतका भार लागेल. बिलात याला कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणतात. कंपनीला तेवढी क्षमता आपल्यासाठी राखून ठेवावी लागते, त्यामुळे दिवे लावले नाहीत तरी त्या मागणीच्या ठरावीक हिश्शावर दरमहा आकार द्यावाच लागतो. आपल्या बिलांवर ही मागणी ८० केव्हीए आहे. केव्हीए हे भाराचेच माप, आपल्या दिव्यांसाठी ते किलोवॅटपेक्षा थोडे जास्त भरते. हॅलाइडच्या काळात ती योग्य होती. आजचा आपला ३४ किलोवॅटचा भार सुमारे ३६ केव्हीए होतो. दिवे बदलले, पण मागणी कमी करून घेण्याचा अर्ज कोणीच केला नाही. परिणाम असा की बाराही बिलांत आकारणीची मागणी ८० च्या चाळीस टक्क्यांच्या, म्हणजे ३२ केव्हीएच्या, खाली कधी गेली नाही, मग त्या महिन्यात चाळीस सामने झालेले असोत किंवा श्रावणात मैदानात गुरे चरत असोत. महिन्याला सुमारे १५,००० रुपये, वर्षाला १,८०,०००.

आता एका सामन्याचा खरा खर्च काढता येतो. मैदानाच्या नोंदवहीप्रमाणे त्या बारा महिन्यांत रात्रीचे २१० सामने झाले. सामन्यामागे साठ युनिट धरले तर १२,६०० युनिट होतात. बिलांवरची बेरीज १४,१०० आहे. वरचे दीड हजार युनिट खेळपट्टीला पाणी मारणाऱ्या पंपाचे आणि रात्रभर जळणाऱ्या राखणीच्या दिव्यांचे समजायला हरकत नाही, म्हणजे माझ्या एका रात्रीची नोंद वर्षाच्या बिलाशी जुळते. साठ युनिटांचे ९६० रुपये. मागणी आकाराचे १,८०,००० रुपये २१० सामन्यांत वाटले तर सामन्यामागे सुमारे ८६० रुपये. दोन्ही मिळून १,८२०. खांबांची रंगरंगोटी, काचा पुसणे, एलईडीला वीज पुरवणारा एखादा निकामी ड्रायव्हर बदलणे यांसाठी सामन्यामागे चारशे रुपये बाजूला टाका. २,२२० रुपयांच्या वर हिशोब जात नाही. आपण ३,५०० घेत होता आणि आता ५,००० मागत आहात.

मी इथे एक गोष्ट आपल्या बाजूने मान्य करतो. युनिटांच्या पैशांवर सामना देता येणार नाही, आणि ‘साठ युनिटांचे ९६० घ्या’ असे म्हणणारे आमच्यातले लोक चूक आहेत. मागणी आकार खरा आहे आणि तो कोणीतरी भरलाच पाहिजे. पण त्याचे गणित उलटे चालते, हे समितीने ध्यानात घ्यावे. युनिट सामन्याबरोबर वाढतात, मागणी आकार मात्र सामने वाढले की सामन्यामागे कमी होतो. महिन्यात चाळीस सामने झाले तर प्रत्येकावर त्याचा पावणेचारशे रुपये भार पडतो, चारच झाले तर पावणेचार हजार. दर वाढवून आपण सामने कमी कराल आणि त्यामुळे प्रत्येक सामना आणखी महाग होईल. पुढच्या वर्षी पुन्हा दरवाढीचा ठराव येईल आणि त्याला कारण म्हणून हेच बिल दाखवले जाईल. याउलट मागणी ८० वरून ४० केव्हीएवर आणली, तर पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांतला हा आकार जवळपास निम्मा होईल आणि हंगामातही तो आजच्यापेक्षा जास्त होणार नाही. भार ३६ केव्हीएचा असल्याने ४० मध्ये पुरेशी सवड राहते. फक्त एक पथ्य पाळावे लागेल. यात्रेच्या वेळी आकाशपाळणे आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल याच जोडणीवरून चालवले जातात, ते बंद करून त्यांना तात्पुरती वेगळी जोडणी घ्यायला लावावी लागेल, कारण मंजूर मागणी ओलांडली की दंडाचा आकार लागतो.

आता दुसरा ठराव. ‘दाब कमी असल्याने प्रकाश अपुरा पडतो’ हे कारण हॅलाइडच्या दिव्यांबाबत खरे होते. त्यांच्या चोकला दाब कमी मिळाला की दिवा मंद होई. एलईडीच्या ड्रायव्हरचे तसे नसते. दाब कमी झाला तर तो प्रवाह जास्त ओढतो आणि दिव्याला लागणारी वीज तेवढीच पुरवतो, त्यामुळे त्याच्या मर्यादेत प्रकाश कमी होत नाही. मग प्रकाश कमी का दिसतो? फेब्रुवारीत मी समितीच्या रखवालदारांच्या परवानगीने आणि आमच्या दोन मुलांच्या मदतीने समुद्राकडच्या एका खांबावरील सोळा दिव्यांच्या काचा गोड्या पाण्याने पुसून घेतल्या. त्या खांबासमोर सीमारेषेपासून दहा पावलांवर खुंटी मारून लक्समापकाने आधी मोजले होते, तिथे १३० लक्स होते. पुसल्यावर त्याच खुंटीवर १७५ आले. वीज एक वॅटही वाढली नव्हती. खाऱ्या वाऱ्याने काचांवर मिठाचा आणि धुळीचा थर बसतो, पावसाळ्यानंतर तो कोणी काढत नाही आणि वर्षागणिक तो जाड होतो. तौक्तेनंतर घाईने बसवलेल्या दोन खांबांवरचे काही दिवे तर सरळ बाहेरच्या रस्त्यावर झुकलेले आहेत. रस्ता छान उजळतो, डीप मिडविकेटला उभ्या असलेल्या मुलाला मात्र झेल दिसत नाही.

दाब कमी आहे हे मात्र खरे आहे, आणि तो कुठे कमी होतो तेही मोजता येते. सगळे दिवे चालू असताना मी मीटरखोलीत फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट मोजले आणि पलीकडच्या खांबाच्या पेटीत २०७. मीटरपर्यंतचा पुरवठा बरा आहे. उरलेले एकवीस व्होल्ट आपल्याच केबलमध्ये आणि जोडांत हरवतात. वादळात तुटलेल्या जाड केबलच्या जागी दूरच्या दोन खांबांसाठी दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल टाकली गेली आहे, आणि सुमारे दोनशे मीटर अंतराला ती बारीक पडते. शिवाय पेटीत केबलच्या टोकांना बसवलेले ॲल्युमिनियमचे लग तांब्याच्या पट्टीवर थेट आवळलेले आहेत. खाऱ्या हवेत दोन धातूंचा असा जोड खंगतो, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि तो तापू लागतो. ती पेटी उघडली की आजही जळक्या रबराचा वास येतो. या केबलमध्ये आणि जोडांत दीड किलोवॅटच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते, म्हणजे त्या शनिवारच्या २४०.८ युनिटांपैकी दहा युनिट जमिनीखाली जळले. पैशांत हे फार नाही, पण दिवे चालू असताना त्या पेटीशेजारी लहान मुले बसलेली असतात, म्हणून हे काम दराच्या वादात अडकवून ठेवू नये.

जनरेटर लावल्याने यातले काहीही सुधारत नाही, कारण जनरेटरची वीजही त्याच केबलमधून, त्याच जोडांमधून आणि त्याच मळक्या काचांमधून जाणार आहे. खर्च मात्र वाढतो. योग्य मापाचा जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये तीन ते साडेतीन युनिट देतो. त्या रात्रीच्या २४०.८ युनिटांना सत्तर ते ऐंशी लिटर डिझेल लागले असते. नव्वद रुपये लिटर धरले तर केवळ इंधनाचे सात हजारांच्या आसपास झाले असते, त्यावर भाडे आणि चालक वेगळे. तारेवरून आलेल्या तेवढ्याच युनिटांचे ३,८५० रुपये झाले. त्यात ठरावात सुचवलेला जनरेटर १२५ केव्हीएचा आहे. आपल्या ३४ किलोवॅटसाठी ६२.५ केव्हीएचा पुरेसा होतो. दुप्पट मोठे इंजिन तृतीयांश भारावर रात्रभर चालवले तर ते युनिटमागे डिझेल जास्त खाते, काळा धूर ओकते आणि त्याच्या आत काजळी साचते. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून लहान जनरेटर ठेवायला माझा विरोध नाही. दर रात्री तोच चालवण्याचे तांत्रिक कारण मात्र मला सापडलेले नाही, आणि पुरवठादार एकच का असावा याचे कारण इतिवृत्तातही दिलेले नाही.

या सगळ्यावरून समितीकडे माझ्या आणि या पत्राखाली संमती दिलेल्या अकरा मंडळांच्या मागण्या अशा आहेत. दोन्ही ठराव दिवाळीपूर्वीच्या बैठकीत स्थगित करावेत. करार मागणी ८० वरून ४० केव्हीए करण्याचा अर्ज वीज कंपनीच्या कार्यालयात याच महिन्यात द्यावा आणि त्याची पोच मैदानाच्या फलकावर लावावी. मीटरखोलीत एक वही ठेवावी, तिच्यात दिवे लावतानाचा व विझवतानाचा आकडा, वेळ आणि सामन्यांची संख्या लिहून आयोजक व रखवालदार या दोघांच्या सह्या व्हाव्यात. एमएफ वीस आहे हे त्या वहीच्या पहिल्या पानावर आणि दारावर ठळक लिहावे. आकार दोन भागांत घ्यावा: जळलेल्या युनिटांचे पैसे बिलातील सरासरी दराने, आणि मागणी आकार व देखभाल यांसाठी सामन्यामागे ठरावीक रक्कम. ही रक्कम मागील वर्षाच्या सामन्यांच्या संख्येवरून दर वर्षी ऑक्टोबरात ठरवावी. असे केले म्हणजे भाषणे लांबवणाऱ्या मंडळाला त्याचे युनिट स्वतः भरावे लागतील, आणि माझा अनुभव सांगतो की मग भाषणे आपोआप आखूड होतील. हंगाम सुरू होण्यापूर्वी काचा धुवाव्यात आणि कललेले दिवे सरळ करावेत. दूरच्या खांबांची केबल बदलून तिथे तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडासाठी असलेले बायमेटॅलिक लग वापरावेत, आणि हे काम होईपर्यंत त्या पेटीभोवती कुंपण घालावे.

काचा धुण्यासाठी आमच्या वाडीची मुले दोन रविवार विनामोबदला देतील. खांबावर चढण्याचे पट्टे आणि शिडी समितीने द्यावी आणि तेवढा वेळ मुख्य स्विच बंद करून त्याची किल्ली माझ्या हातात द्यावी, एवढीच अट आहे. केबलच्या कामाचे मोजमाप मी करून ठेवले आहे आणि ते कागद मागाल तेव्हा आणून देईन. बारा बिलांच्या प्रती आणि त्या शनिवारच्या मीटरचे दोन्ही फोटो या पत्रासोबत नगरपंचायतीच्या आवक विभागात दिले आहेत. माझ्या हिशोबात चूक आढळली तर ती आकड्यानिशी दाखवावी. ती मी जाहीरपणे मान्य करीन.

आपला,
वाडीच्या क्रिकेट मंडळाचा हिशोबनीस व निवृत्त वीजतंत्री